नवी वेळ सुचवा

मोठ्या काकूला ‘आज वार कोणता गं?’ असं विचारलं तर ती सरळ वार सांगायचीच नाही. ‘आज तुझ्या बाबांना शाळेतून यायला उशीर,’ म्हणायची, नाहीतर ‘आज इस्त्रीवाला येतो तो दिवस.’ वार आपण ओळखून घ्यायचा. आठ-दहा माणसांच्या घरात कोण कुठे असणार, कुणाला गाडी हवी असणार, कुणाकडचे पाहुणे कुठल्या खोलीत झोपणार, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. तिला जाऊन आता काही वर्षं झाली, पण घरात दोन माणसं एकाच वेळी न्हाणीघराच्या दारात भेटली की अजूनही कुणीतरी म्हणतंच, ‘काकू असती तर हे झालं नसतं.’

घर अरुंद आणि उंच. खाली रस्त्याच्या अंगाला थोरल्या काकांचा दातांचा दवाखाना आणि त्याच्या मागे सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. पहिल्या मजल्यावर थोरले काका, काकू आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा दादा. दुसऱ्यावर आम्ही. तिसऱ्यावर गच्चीला लागून दोन खोल्या, तिथे धाकटे काका आणि धाकटी काकू. धाकट्या काकूला मोठी काकू ‘छोटी’ म्हणायची. नात्याने जावा, पण हसायला लागल्या की वर्गाबाहेर काढलेल्या दोन मुलींसारख्या.

मोठी काकू दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत काउंटरपाशी बसायची. पेशंटला वेळ देणं हे तिचं काम. त्यातही तिचे आडाखे होते. रूट कॅनॉलवाल्याला ती कायम शेवटची वेळ द्यायची. ‘तो ओरडतो, आणि बाहेर बसलेले चार जण चप्पल घालून निघून जातात,’ असं तिचं स्पष्टीकरण. लहान मुलांना शाळा सुटल्यावर लगेच नाही, थोडं खाऊन झाल्यावर. आणि एका हलवायाला ती दर वेळी एवढं बोलायची की तो बिचारा दात दुखला तरी आधी दुसऱ्या डॉक्टरचं नाव विचारायचा.

घरासाठी मात्र फळा होता. काका पेशंटना ज्यावर दाताच्या मुळाचं चित्र काढून दाखवायचे तो जुना फळा. नवीन तक्ते आल्यावर तो काकूने जिन्याच्या पायथ्याशी लावून घेतला. पांढऱ्या खडूने घरातली सामाईक कामं, पिवळा खडू आमचा, निळा दादाचा, गुलाबी छोटीचा. जाता-येता ज्याने त्याने आपलं लिहायचं. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की काकू चष्मा कपाळावर सरकवून फळ्यासमोर उभी राहायची आणि वर तोंड करून जिन्यात हाक मारायची, ‘गाडी दोघांनी लिहिलीय! खाली या, भांडा, आणि एक जण बसने जा!’ आम्ही खाली यायचो, भांडायचो, आणि ज्याचं काम खरंच अडलेलं असेल त्याला गाडी मिळायची. तिचा निवाडा कुणाला पटला नाही असं झालं, पण कुणी तो मोडला असं झालं नाही. नियम एकच होता. लिहायचं कुणीही, पुसायचं फक्त काकूने.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जिच्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

छोटीने लग्नानंतर कायद्याचा अभ्यास सुरू केला. संध्याकाळचं कॉलेज. घरात कुणी विरोध केला नाही, पण कुणी फारसं लक्षही दिलं नाही, एक मोठी काकू सोडून. काकू भाजी चिरायची आणि समोर पुस्तक उघडं ठेवून छोटीला प्रश्न विचारायची. कलमं हिला कळायची नाहीत, पण छोटी अडखळली की हिला बरोबर कळायचं. ‘परत म्हण. मधे काहीतरी गिळलंस तू.’ परीक्षेच्या दिवसांत गच्चीवरच्या खोलीत चहा पोचवायचं काम काकूने कुणाला दिलं नाही. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, तरी तीन मजले चढायची.

छोटी पास झाली. पदवीदान समारंभाची तारीख आली तशी तिने फळ्यावर गुलाबी खडूने लिहिलं, ‘माझी पदवी. सगळ्यांनी यायचं.’ खाली एक लहानसं फूलही काढलं. काकू म्हणाली, ‘मी पहिल्या रांगेत बसणार. आणि टाळ्या सगळ्यांच्या आधी सुरू करणार, तुला लाज वाटली तरी.’

तेवढ्यात थोरले काका दंतवैद्यांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. घरी जेवण द्यायचं ठरलं. बाहेरगावचा एक बडा डॉक्टर फक्त त्याच संध्याकाळी मोकळा होता. काका काकूला म्हणाले, ‘अगं, पदवी काय, कागद तर पोस्टानेही येतो. हे जेवण परत होणार नाही.’ काकू त्यांना काय म्हणाली, मला माहीत नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. सकाळी घाईघाईने जिना उतरले तेव्हा एवढंच दिसलं की गुलाबी ओळ गेली होती आणि तिच्या जागी पांढऱ्या खडूने ‘जेवण, तीस माणसं’ असं लिहिलं होतं. अक्षर काकूचं.

माझ्या मागून छोटी उतरत होती. ती फळ्यापाशी थांबली. वाचलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, ‘तुला उशीर नाही का होत?’ आणि पुढे गेली.

समारंभाला ती आणि धाकटे काका, दोघंच गेले. परत आली तेव्हा पंगत अर्धी झाली होती. हातातला काळा झगा तिने स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला टांगला, हात धुतले, आणि मोठ्या काकूच्या हातातला डाव काढून घेऊन वाढायला लागली. पाहुण्यांना कळलंसुद्धा नाही. काकू मात्र त्या झग्याकडे बघत तशीच उभी राहिली. कुणीतरी मीठ मागितलं तेव्हा भानावर आली.

भांडण झालंच नाही. झालं असतं तर बरं, असं आई नंतर पुष्कळदा म्हणायची. काही महिन्यांनी धाकट्या काकांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. कारण सांगितलं कोर्ट जवळ पडतं. ते खरंही होतं. जाताना छोटी सगळ्यांना भेटली, काकूच्या गळ्यातही पडली. मग येणं-जाणं लग्नाकार्यापुरतं उरलं, आणि तिथेही ती पाकीट देऊन, जेवून, हसून, वेळेवर निघायची. तिची वकिली चांगली चालली. पुढे धाकटे काका गेले, थोरले काकाही गेले. दोन्ही वेळा दोघी जावा शेजारी बसल्या होत्या, आणि दोन्ही वेळा कामापलीकडे काही बोलल्या नाहीत.

फळा त्यानंतरही राहिला, पण काकूने गुलाबी खडू परत आणला नाही.

दिवस गेले. दवाखाना दादाकडे आला. मी नोकरीसाठी लांब गेले, इतकी लांब की आमची दुपार म्हणजे घरची रात्र. काकूचे गुडघे एवढे दुखायला लागले की ती दिवसातून एकदाच खाली उतरायची. फळ्यावर लिहिलं जायचं, पण वाचायला कुणी उभं नसायचं. एका वर्षी बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आणि दादाच्या मुलीची परीक्षा एकाच सकाळी आली, दोन्हीकडे गाडी लागणार होती, आणि हे कळलं तेव्हा बाबा ऑपरेशनसाठी उपाशीपोटी दारात उभे होते. त्याच संध्याकाळी दादाने सगळ्यांना खाली बोलावलं आणि म्हणाला, ‘बास. दवाखान्यात आपण फोनवरचं कॅलेंडर वापरतो, तेच घराला करू.’

त्याने ‘घर’ नावाचं एक कॅलेंडर केलं आणि प्रत्येकाला त्यात घेतलं. प्रत्येकाने आपल्या फोनवरून लिहायचं, सगळ्यांना लगेच दिसणार. बाबांनी विचारलं, ‘आणि आठवण कोण करणार?’ दादा म्हणाला, ‘फोन करेल. पण किती आधी ते ज्याने त्याने आपल्या फोनवर ठरवायचं.’ बाबांनी एक आठवडा आधी, एक दिवस आधी, एक तास आधी आणि दहा मिनिटं आधी अशी चारही टाकली. त्यांचा फोन दिवसभर किणकिणायचा आणि ते तो दुसऱ्या खोलीत ठेवून झोपायचे.

काकूने सुरुवातीला नाक मुरडलं. ‘ज्याला कान नाहीत त्याला काय सांगायचं?’ पण दादाने फोन हातात दिल्यावर ती शिकायला लागली, आणि शिकताना तिने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. तिने नळाचं काम चार वाजता लिहिलं, ते पडलं पहाटे चारला. बाबांची फिजिओथेरपी तिने व्यवस्थित भरली, पण स्वतःच्या खासगी कॅलेंडरात, त्यामुळे ती तिच्याशिवाय कुणालाच दिसली नाही आणि बाबा रस्त्यावर गाडीची वाट बघत उभे राहिले.

‘वरती बघ,’ दादा म्हणाला, ‘कुठल्या कॅलेंडरात टाकतेस ते लिहिलेलं असतं. ‘घर’ निवडलंस तर सगळ्यांना दिसतं. तुझं निवडलंस तर फक्त तुला.’

‘म्हणजे माझं म्हणून एक वेगळं आहे?’

‘आहे की.’

‘बघू,’ काकू म्हणाली, आणि बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनांकडे बघत बसली. तिच्या नावाचं, कुणाच्याही कामाचं नसलेलं असं काही तिच्याकडे आयुष्यात आधी नव्हतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मला आईने फोनवर सहज सांगितलं म्हणून कळलं.

मग बाबांनी घोळ घातला. एका शनिवारी फिजिओथेरपीवाल्याची सुट्टी होती, म्हणून ते तेवढा एक शनिवार काढायला गेले. फोनने विचारलं, फक्त हाच, की यापुढचे, की सगळे? बाबांनी घाईत सगळे दाबलं. आख्खी फिजिओथेरपी घरादाराच्या फोनवरून पुसली गेली. दादाने कॉम्प्युटरवर बसून कचऱ्याच्या डब्यातून ती परत काढली. काकूला समजलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘म्हणून मी कुणाला पुसू देत नव्हते.’ तिने दादाला सांगून बाबांचा बदल करायचा अधिकार काढून घेतला. बाबांना कॅलेंडर नुसतं बघता यायचं. शाळेत मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेला माणूस, आठवडाभर कुणाशी बोलला नाही.

मला मात्र त्या कॅलेंडराने वेड लावलं. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत मी फोन उघडायची आणि घर वाचत बसायची. काकूच्या नोंदी मी लगेच ओळखायची. ‘नळवाला. मागच्या वेळचा नको.’ ‘टाकी धुणार. आंघोळी आधी उरका, मग माझ्याकडे येऊन रडू नका.’ ‘सूनबाईची मैत्रीण जेवायला. बडबडी आहे, उशीर होईल.’ चौकोनात मावेना म्हणून ती खालच्या वर्णनाच्या जागेत लिहायची. माझ्या फोनवर वेळा माझ्या गावच्या घड्याळाप्रमाणे दिसायच्या. एकदा मी तिला सांगितलं, तुझा चारचा नळवाला माझ्याकडे सकाळी दिसतो. ती म्हणाली, ‘मग तूही बघून घे गं तुझा नळ.’

काकूला पंचाहत्तर वर्षं पूर्ण व्हायची होती. दादाने आणि वहिनीने एक रविवार धरला. कोपऱ्यावरच्या वाचनालयाचं वरचं सभागृह सांगितलं, जेवणवाला ठरवला. दादा आमंत्रणं पाठवायला बसला तर काकू म्हणाली, ‘माझं बोलावणं मी करणार.’

तिने ते ‘घर’मध्ये टाकलं नाही. स्वतःच्या कॅलेंडरात टाकलं, या वेळी ठरवून. मग ‘पाहुणे’ असं लिहिलेलं होतं तिथे एकेकाचा ईमेल घालत गेली. आम्ही सगळे, तिची धाकटी बहीण, जुने शेजारी, दवाखान्यातली नर्स. मधे चहा झाला. शेवटी तिने पाकिटातून एक कार्ड काढलं. छोटीच्या वकिलीचं कार्ड, कुठल्यातरी लग्नात मागून घेतलेलं.

वहिनी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, ‘आई, त्यांना फोन करा ना. असं यंत्रातून बरं दिसतं का?’

‘फोन केला तर ती गोड आवाजात ‘हो, येते’ म्हणेल आणि यायची नाही. किंवा नाही म्हणताना तिला काहीतरी कारण रचावं लागेल. यात नुसतं बटण आहे. दाबलं तर दाबलं.’

फोनने विचारलं, पाहुण्यांना आमंत्रण पाठवायचं का? काकूने पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात केला आणि पाठवलं.

उत्तरं पटापट आली. नावांपुढे हिरव्या खुणा दिसायला लागल्या. बाबांना हे दाबता येत होतं, म्हणून त्यांनी सगळ्यात आधी ‘हो’ दाबलं. छोटीच्या नावापुढे काहीच नव्हतं. काकू रोज उघडून बघायची. कुणी खोलीत आलं की फोन पालथा ठेवायची. मीही इकडे तेच करत होते, कारण पाहुण्यांची नावं सगळ्यांना दिसत होती, आणि मला वाटतं घरातलं प्रत्येक माणूस चोरून तेवढंच एक नाव बघत होतं.

एका सकाळी तिथे प्रश्नचिन्ह आलं. कदाचित.

घरात त्या एका शब्दावर दिवसभर काथ्याकूट झाला. बाबा म्हणाले, ‘कदाचित म्हणजे नाहीच, सभ्य भाषेतलं.’ वहिनी म्हणाली, ‘वकील आहेत, सरळ उत्तर देतील का?’ आई म्हणाली, ‘नाहीचं बटण शेजारीच होतं. तिने ते दाबलं नाही.’ काकू ऐकू न आल्यासारखी शेंगा सोलत बसली होती, आणि सालं दाण्यांच्या भांड्यात टाकत होती.

दुसऱ्या दिवशी काकूला एक ईमेल आला. छोटीने नवी वेळ सुचवली होती. असं करता येतं हेच काकूला माहीत नव्हतं. आमंत्रण आलं की पाहुण्याला दुसरी वेळ सुचवता येते, आणि ज्याचा कार्यक्रम आहे त्याने ती घ्यायची की नाही ते ठरवायचं. छोटीने पुढचा रविवार सुचवला होता. सोबत एवढंच लिहिलं होतं, ‘त्या दिवशी मला जमणार नाही. पुढच्या रविवारी होऊ शकेल का?’

काकूने ते वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं, आणि कुणालाही न विचारता तो बदल मान्य करून सगळ्यांना कळवून टाकला.

खाली दवाखान्यात दादा एकाच्या तोंडात कवळीचं माप घेत होता. त्याचा फोन वाजला. मग वहिनीचा, मग वर बाबांचा. दादा हातमोजे तसेच घालून जिना चढून आला.

‘आई, हे काय केलंस? चुकून दाबलंस का? थांब, मी परत लावतो.’

‘चुकून नाही. हात लावू नकोस.’

‘अगं, सभागृह सांगितलंय! जेवणवाला ठरलाय! तीस-पस्तीस माणसांनी हो म्हटलंय. एका माणसासाठी सगळं हलवायचं? आणि ती तरी येणार कशावरून?’

‘नसेल यायची.’

‘मग?’

काकू खिडकीकडे बघत होती. दादाने मला नंतर सांगितलं, की त्याला वाटलं ती रडतेय, पण ती रडत नव्हती. ती म्हणाली, ‘एकदा मी तीस माणसांसाठी तिचा दिवस पुसला होता. तेव्हा मला कुणी असं दारात येऊन विचारलं नाही, की काय केलंस म्हणून. तू आत्ता विचारतोयस ना, तसं. विचारायला हवं होतं. जा, सभागृहवाल्याला फोन कर. आणि त्या माणसाच्या तोंडातलं माप काढ आधी, घट्ट होईल.’

दादाला तोपर्यंत ती जुनी गोष्ट नीट माहीतच नव्हती. तो शिकायला बाहेर होता तेव्हा. त्याने फोन केले.

फुकट काही झालं नाही. नव्या रविवारी सभागृह दुसऱ्या कुणी घेतलेलं होतं, म्हणून कार्यक्रम घराच्या गच्चीवर आला. काकूच्या बहिणीला तो दिवस जमेना. ती कितीतरी वर्षांनी येणार होती, आणि तिच्या नावापुढची हिरवी खूण जाऊन ‘नाही’ आलं. काकूने तिला फोन करून माफी मागितली, आणि बहीण पुष्कळ बोलली. मला विमानाचं तिकीट बदलावं लागलं आणि साहेबांची बोलणी खावी लागली. काकूने हे सगळं ऐकून घेतलं. तारीख मात्र तिने परत बदलली नाही.

तो रविवार उजाडला. माणसं संध्याकाळी यायची होती. दुपारी मी खाली दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या पुसत होते. गच्चीवर न्यायच्या होत्या. काकू तिच्या जुन्या काउंटरमागे बसली होती, उगाच, तिला तिथे बसायचं होतं म्हणून. दार ढकलून छोटी आत आली. केस पांढरे, चालणं तेच, झपझप. हातात पिशवी नाही, फुलं नाहीत. पेशंटसारखी समोरच्या बाकावर बसली.

‘लवकर आलीस,’ काकू म्हणाली.

‘हो. निघायची घाई नव्हती आज.’

मी फडकं घेऊन आत जायला निघाले. छोटी म्हणाली, ‘बस गं, तुझ्यापासून काय लपवायचंय.’ मी बसले. खरं तर उठावंसं वाटतच नव्हतं.

मग छोटी म्हणाली, ‘त्या आधीच्या रविवारी माझं काहीच नव्हतं.’

काकूने मान वर केली.

‘काही ठरलेलं नव्हतं. दिवसभर घरी होते. मला बघायचं होतं.’ तिचा आवाज कोर्टात उभं राहिल्यासारखा सरळ होता, पण हात एकमेकांत अडकले होते. ‘या वयात असं करायला नको होतं. पाठवलं आणि लगेच वाटलं, काय हा पोरकटपणा. मागे घेणार होते. तेवढ्यात तुझं मान्य झाल्याचं आलं. पाच मिनिटंसुद्धा घेतली नाहीस तू.’

‘वाटलंच होतं मला,’ काकू म्हणाली.

‘काय?’

‘की काही नसेल. रविवारी कसलं आलंय कोर्ट.’

छोटी तिच्याकडे बघतच राहिली. ‘तरी हलवलंस?’

‘तरी म्हणजे? तू म्हणालीस म्हणून हलवलं. कारण असतं तर त्यात काय मोठं, कुणीही हलवलं असतं.’

रस्त्यावरून एक गाडी गेली, काचा थरथरल्या. छोटीने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. ‘मला तारखेचा राग नव्हता,’ ती म्हणाली. ‘भाऊजींचं जेवण मोठं होतं, मला कळत होतं. तू वर येऊन विचारलं असतंस ना, तर मीच म्हटलं असतं, जाऊ दे. तू विचारलंच नाहीस. मला ते भिंतीवर वाचावं लागलं.’

‘विचारणार होते. जिन्यापर्यंत आले होते,’ काकू म्हणाली. ‘पण तू ‘जाऊ दे’ म्हटलं असतंस, आणि तुझं तोंड मला बघावं लागलं असतं. ते बघायची माझ्यात हिंमत नव्हती. म्हणून पुसलं. पहिल्या रांगेत बसणार होते मी. तुझी सगळी कलमं पाठ होती मला, आणि मी त्या दिवशी डॉक्टरांना भात वाढत होते.’

‘भात मी वाढला,’ छोटी म्हणाली. ‘तू नुसती उभी होतीस.’

आणि दोघी हसायला लागल्या. पोट धरून, आवाज न करता, खांदे हलवत. मी तेव्हा ओळखलं की हेच हसू मी लहानपणी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. दादा जिन्यातून डोकावला, बघितलं, आणि आला तसा वर गेला.

संध्याकाळी गच्चीवर दाटीवाटीने माणसं बसली. तिसऱ्या मजल्यापर्यंत काकूला दोघांनी धरून आणलं. गच्चीला लागून असलेल्या त्या दोन खोल्यांत आता अडगळ होती. छोटी दार उघडून आत जाऊन आली आणि काकूच्या शेजारी बसली. कुणीतरी काकूला दोन शब्द बोलायला सांगितलं. काकू म्हणाली, ‘माझी वकील बोलेल,’ आणि छोटी खरंच उठून बोलली. फार नाही. ‘माझ्या परीक्षेच्या वेळी ही बाई तीन जिने चढून चहा आणायची, तो कायम गार झालेला असायचा, आणि मी तो कधी टाकला नाही,’ एवढंच.

छोटी निघण्याआधी दादाने तिला ‘घर’मध्ये घेतलं. ‘बदल करायचा अधिकार देतो तुला, काकू.’ ती म्हणाली, ‘नको रे बाबा. मला नुसतं बघायचं ठेव. तुमच्या घरातली भांडणं मला लांबूनच बरी.’ बाबांना इतका आनंद झाला की ते उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. नुसतं बघणारं आणखी एक माणूस मिळालं होतं.

पुढची चार-पाच वर्षं काकूच्या स्वतःच्या कॅलेंडरात काहीतरी असायचं. ते आम्हाला दिसत नव्हतं, पण ठरावीक दिवशी ती दुपारीच तयार होऊन बसायची आणि छोटी तिला न्यायला यायची. कुठे जायच्या? कधी बागेत, कधी चष्म्याच्या दुकानात, कधी छोटीच्या ऑफिसात, जिथे काकू बाहेरच्या खोलीत बसून आलेल्या माणसांना त्यांचे दात दाखवायला सांगायची. एका सुट्टीत मी घरी होते. बाजारातून परतताना रस्त्याच्या पलीकडच्या बसथांब्यावर त्या दोघी दिसल्या. गुडघ्यांमुळे काकू बाकावर बसलेली, छोटी समोर उभी राहून हातवारे करत काहीतरी सांगत होती. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने वाट बघितली. छोटीने त्याला जा म्हणून हात केला, आणि तिचं सांगणं पुढे चालू राहिलं.